संत्र्याचं सरबत हातात घ्या आणि मग नॅचरल-सिंथेटिक रंगांचं उत्तर लिहा

प्रश्न: मॅडम, मी फूड टेक्नॉलॉजी सेकंड इयरला आहे, नागपूरलाच. 'नॅचरल आणि सिंथेटिक फूड कलर्समधला फरक, परमिटेड डायसह' हा दहा मार्कांचा प्रश्न नेहमी येतो. मी टेबल करतो, अँथोसायनिन, कॅरोटिनॉइड सगळी नावं टाकतो, तरी चार-पाचच्या वर मार्क मिळत नाहीत. नेमकं काय लिहायचं? आणि समोरच्या पदार्थात कोणता रंग आहे हे ओळखतात कसं?

उत्तर:

मार्क पहिल्याच ओळीत जातात. बहुतेक पोरं सुरुवात करतात "नॅचरल रंग सुरक्षित आणि सिंथेटिक रंग हानिकारक" अशी, आणि मग खालचं सगळं टेबल त्याच वाक्याच्या आधाराने भरत जातात. मी बरीच वर्षं फूड लॅबमध्ये सँपल तपासले आणि आता पेपर तपासते, तर मला तिथेच कळतं की या पोराने दोन वेगळे प्रश्न एकात कालवले आहेत. रंग आला कुठून हा एक प्रश्न, आणि तो रंग त्या पदार्थात कायद्याने चालतो का हा दुसरा. मेटॅनिल यलो सिंथेटिक आहे आणि खाण्याच्या कुठल्याच पदार्थात चालत नाही. सनसेट यलो पण सिंथेटिकच आहे, तो सरबतात चालतो, पण तोच इतवारीतल्या एखाद्या दुकानात तिखटात मिसळला तर ती भेसळ झाली, कारण मसाल्यात वरून कोणताही रंग टाकायची परवानगीच नाही. म्हणजे "परमिटेड" हा शब्द एकटा लिहायचाच नाही, कोणत्या पदार्थात आणि किती, हे त्याच्यासोबत आलंच पाहिजे. हे एवढं जरी पहिल्या परिच्छेदात नीट लिहिलं न, तरी तुझं उत्तर बाकीच्यांपासून वेगळं पडतं.

आपल्याकडे परमिटेड सिंथेटिक रंग आठ आहेत, ते पाठच पाहिजेत. लाल तीन, पाँसो फोर आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन. पिवळे दोन, टार्ट्राझिन आणि सनसेट यलो एफसीएफ. निळे दोन, इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू एफसीएफ. हिरवा एक, फास्ट ग्रीन एफसीएफ. मर्यादा बहुतेक पदार्थांत 100 पीपीएम, म्हणजे एक किलो किंवा लिटरमागे 100 मिलिग्रॅम. दोन रंग एकत्र टाकले तर दोघांची बेरीज 100 च्या आत, प्रत्येकी 100 नाही, हे पोरं हमखास चुकतात.

नॅचरलची यादी लिहिताना एक गोष्ट आवर्जून लिही, ती फार कमी जण लिहितात. 2011 च्या आपल्या नियमांत नॅचरल रंगांची जी यादी आहे, त्यात बीटा-कॅरोटीन, क्लोरोफिल, रायबोफ्लेविन, कॅरॅमल, अन्नाटो, केशर, हळदीतलं कर्क्युमिन वगैरे येतात, आणि त्या यादीच्या डोक्यावरच म्हटलंय की हे रंगद्रव्य झाडापासून काढलेलं असो की कारखान्यात बनवलेलं असो, दोन्ही चालेल. म्हणजे बाटलीतलं बीटा-कॅरोटीन गाजरातून आलं नसलं तरी कायद्याच्या लेखी ते नॅचरल गटातच बसतं, कारण रेणू तोच आहे. म्हणून "नॅचरल रंग वनस्पतींपासूनच मिळतात" हे वाक्य लिहिलं की अर्धा मार्क गेला समज.

आता पिगमेंट. इथे पोरं व्याख्या पाठ करतात आणि मग उदाहरणात माती खातात. कोणी संत्र्याला अँथोसायनिन लिहितो, कोणी बीटला. मी सांगते तसं कर, दोन पदार्थ डोळ्यासमोर ठेव, आपलं संत्रं आणि कोकम, सगळे मुद्दे त्यातून आपोआप निघतात.

संत्र्याचा रंग कॅरोटिनॉइडचा. फळ हिरवं असताना सालीत क्लोरोफिल असतं, पिकताना ते तुटत जातं आणि कॅरोटिनॉइड वाढून वर दिसायला लागतं. कॅरोटिनॉइडचा रेणू म्हणजे 40 कार्बनची लांब साखळी, आठ आयसोप्रीन तुकड्यांची, आणि तिच्यात एकाआड एक डबल बाँड. हे एकाआड एक डबल बाँडच निळा प्रकाश शोषतात म्हणून आपल्याला पिवळा-केशरी-लाल दिसतो. बीटा-कॅरोटीनमध्ये असे 11 आहेत, टोमॅटोच्या लायकोपीनमध्ये पण 11, फॉर्म्युला पण दोघांचा C40H56 च, फरक एवढाच की बीटा-कॅरोटीनच्या दोन्ही टोकांना रिंग आहे आणि लायकोपीनला नाही, म्हणून लायकोपीनपासून व्हिटॅमिन ए बनत नाही. नुसता कार्बन-हायड्रोजन असला तर कॅरोटीन म्हणायचं, त्यात ऑक्सिजन आला तर झँथोफिल. संत्र्यातलं बीटा-क्रिप्टोझँथिन हे झँथोफिल, आणि त्यातून व्हिटॅमिन ए बनतं.

पण परीक्षेत खरा वजनाचा मुद्दा विरघळण्याचा आहे. कॅरोटिनॉइड तेलात विरघळतं, पाण्यात नाही. तर्री पोह्याच्या गाड्यावर उभं राहून बघ कधी, तर्रीवर जो लाल तवंग तरंगतो ना तो मिरचीतल्या कॅप्सँथिनमुळे, ते पण कॅरोटिनॉइडच, सगळा रंग तेलाने ओढून घेतलेला असतो. चमच्याने तवंग बाजूला सारला की खालचा रस्सा तपकिरी-मातकट दिसतो. तो रस्सा पण वरच्या तेलाइतकाच लालभडक दिसला आणि पोहे हाताला रंग सोडायला लागले, तर मी तरी वरून रंग टाकल्याचा संशय घेते. हे निरीक्षण उत्तरात दोन ओळीत लिहिलंस तर चालतं, तपासणाऱ्याला कळतं की तुला विद्राव्यता समजलीये, नुसती पाठ नाही.

पीएच बदलला म्हणून कॅरोटिनॉइडला विशेष फरक पडत नाही. लिंबू पिळा, सोडा टाका, केशरी ते केशरीच. त्याचे शत्रू म्हणजे हवा आणि उजेड. डबल बाँड जास्त म्हणून ऑक्सिडेशन पटकन होतं, त्यामुळे मिरची पावडर पारदर्शक बरणीत खिडकीजवळ ठेवली की काही महिन्यांत फिक्कट पडते, भिवापुरी असली तरी.

कोकमाची गोष्ट उलटी. तिथे अँथोसायनिन आहे, सायनिडिनला साखर जोडलेली. हे फ्लेव्होनॉइड कुटुंबातलं, पाण्यात विरघळतं, पेशीच्या व्हॅक्युओलमधल्या रसात असतं, तर कॅरोटिनॉइड प्लास्टिडमध्ये. नुसता रंगीत भाग म्हणजे अँथोसायनिडिन, त्याला साखर लागली की अँथोसायनिन, हा फरक एका ओळीत लिहायचाच. जांभूळ, काळी द्राक्षं, लाल कोबी, काळं गाजर सगळी याच गटातली. बीट मात्र नाही, बीटचा रंग बीटालेन, त्यात नायट्रोजन असतो, आणि ज्या झाडात बीटालेन असतं त्यात अँथोसायनिन सापडत नाही. गाजराचं पण बघ, केशरी गाजर बीटा-कॅरोटीन, हलव्याचं लाल गाजर लायकोपीन, काळं गाजर अँथोसायनिन. एकाच भाजीत तिन्ही उदाहरणं मिळतात, लक्षात ठेवायला सोपं.

अँथोसायनिनचा स्वभाव पीएचवर चालतो. पीएच 3 च्या खाली ते फ्लेव्हिलियम कॅटायनच्या रूपात असतं आणि लाल दिसतं. 4-5 च्या आसपास पाण्याचा रेणू जोडला जाऊन रंगहीन कार्बिनॉल रूप तयार होतं, म्हणजे रंग फिकटतो. 6-7 च्या पुढे जांभळा-निळा क्विनॉइडल, आणि अल्कली आणखी वाढवली की रिंग उघडून पिवळट चाल्कोन. म्हणून कोकम सरबतात हा रंग छान टिकतो कारण ते मुळातच खूप आंबट आहे, आणि तोच अर्क तू दुधाच्या आइस्क्रीममध्ये टाकलास तर लाल ऐवजी मळकट जांभळं काहीतरी होईल, दुधाचा पीएच साडेसहाच्या पुढे असतो ना. यापुढे त्याला बिघडवणाऱ्या गोष्टी म्हणजे उष्णता, ऑक्सिजन, सल्फर डायऑक्साइड आणि लोखंड-टिनसारखे धातू. सल्फर डायऑक्साइडने रंग उडतो पण आम्ल टाकून तापवलं की बराचसा परत येतो, धातूने निळसर होतो, म्हणून अशा फळांच्या डब्याला आतून लॅकर लावतात. आणि एक गंमतीची गोष्ट, व्हिटॅमिन सी वाढवलं की रंग टिकेल असं पोरांना वाटतं, पण अँथोसायनिनच्या बाबतीत एस्कॉर्बिक आम्ल ऑक्सिडाइज होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो आणि रंग उलट लवकर जातो. कॅरोटिनॉइडला मात्र तेच एस्कॉर्बिक आम्ल सांभाळतं. हे एकच वाक्य दोन्ही पिगमेंटची तुलना म्हणून लिहिलंस तरी पेपर उठून दिसतो.

आता तुझा दुसरा प्रश्न, ओळखायचं कसं. समज बर्डीवरून एक बाटली संत्र्याचं सरबत आणलं, लेबल साधंच, रंग मस्त केशरी. यात संत्र्याचा स्वतःचा रंग आहे, वरून टाकलेलं बीटा-कॅरोटीन आहे, की सनसेट यलो? हे टप्प्याटप्प्याने असं जातं.

पहिलं, नुसतं बसू देणं. घरी काढलेला संत्र्याचा रस सेंट्रिफ्यूजला दहा मिनिटं फिरवला की केशरी गर खाली बसतो आणि वर जवळपास फिकट पिवळं पाणी उरतं. कॅरोटिनॉइड पाण्यात विरघळलेलं नसतं, गराच्या कणांना चिकटून असतं, म्हणून रंग गरासोबत खाली जातो. सेंट्रिफ्यूज नसेल तर फिल्टर पेपरवर गाळ, कागद केशरी आणि खाली उतरलेलं पाणी फिकट. बाटलीतल्या सरबताचं वरचं पाणी पण खणखणीत केशरी राहिलं तर रंग पाण्यात आहे. पण इथे घाई करून "सिंथेटिक" लिहू नको, कारण बाजारात पाण्यात मिसळणारं बीटा-कॅरोटीन इमल्शन मिळतं, त्याचे कण इतके बारीक की ते खाली बसत नाहीत.

म्हणून दुसरं, सॉल्व्हंट. थोडं सरबत टेस्ट ट्यूबमध्ये घे, इमल्शन फुटावं म्हणून थोडं अल्कोहोल टाक, मग पेट्रोलियम ईथर टाकून हलव आणि थर वेगळे होऊ दे. रंग वरच्या ईथरच्या थरात चढला तर कॅरोटिनॉइड, खाली पाण्यातच राहिला तर पाण्यात विरघळणारा रंग. दोन्हीकडे असेल तर दोन्ही आहेत, आणि असं खूपदा असतं, म्हणजे खरा संत्र्याचा रस थोडा आणि वरून डाय. आता पाण्यात विरघळणारं म्हणजे अँथोसायनिन पण असू शकतं ना, ते तपासायला खालच्या थरात थोडा खायचा सोडा. अँथोसायनिन जांभळट-निळसर-हिरवट होतं, अझो डायवर विशेष परिणाम होत नाही. केशरी सरबतात हा टप्पा उपयोगाचा कमी, कोकमाच्या किंवा गुलाबाच्या लाल सरबतात खूप उपयोगाचा, कारण तिथे कार्मोइसिनशी गाठ असते आणि ते सोड्यात लालच राहतं.

तिसरं, लोकरीची टेस्ट, आणि हीच उत्तरात सविस्तर लिहायची, कारण इथे केमिस्ट्री आहे. पांढरी लोकर, वीतभर, पेट्रोलियम ईथरने धुऊन तिच्यातलं तेल काढलेलं. सरबतात थोडं अॅसिटिक आम्ल टाकायचं, लोकर त्यात बुडवायची आणि काही मिनिटं उकळायचं. परमिटेड रंग अॅसिडिक डाय आहेत, बहुतेकांच्या अंगावर सल्फोनेट गट असतात, ऋण प्रभाराचे. लोकर म्हणजे प्रोटीन, आम्लात तिच्या अमिनो गटांवर धन प्रभार येतो, दोघं घट्ट चिकटतात. मग लोकर नळाखाली खळखळून धुवायची. आता ती सौम्य अमोनियात टाकून गरम करायची, अल्कलीत लोकरीचा धन प्रभार जातो आणि डाय सुटून द्रवात उतरतो. पहिली लोकर काढून टाक, द्रव परत आम्ल कर, नवीन लोकर टाकून पुन्हा उकळ. दुसरी लोकर रंगली तर सिंथेटिक अॅसिडिक डाय आहे. याला डबल डाइंग म्हणतात, आणि दुसरी लोकर का लागते हे न लिहिता फक्त "लोकर रंगते" लिहिलं की माझ्याकडून मार्क कापले जातात. पहिल्या लोकरीवर काही नॅचरल रंग पण बसतात, अँथोसायनिन बसतं, पण अमोनियात गेलं की त्याचा रंग बदलतो, रेणू मोडतो, आणि दुसऱ्यांदा ते लोकरीवर चांगलं चढत नाही.

आणि इथे परत तो दोन प्रश्नांचा मुद्दा येतो. लोकर रंगली म्हणजे सिंथेटिक आहे एवढंच सिद्ध झालं, परमिटेड आहे हे नाही. मेटॅनिल यलोवर पण सल्फोनेट गट आहे, तो पण लोकरीवर आरामात चढतो. रोडामाइन बी तर बेसिक डाय आहे, त्याला लोकर अमोनियाच्या द्रवात रंगवावी लागते आणि आम्लात सोडवावी लागते, म्हणजे बरोबर उलटं. त्यामुळे शेवटचा टप्पा पेपर क्रोमॅटोग्राफी. अमोनियात उतरलेला रंग आटवून, व्हॉटमन नंबर 1 कागदावर ठिपका द्यायचा आणि बाजूला आठ परमिटेड रंगांचे शुद्ध ठिपके. 5 टक्के अमोनियाच्या 100 मिलि पाण्यात 2 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट हे सॉल्व्हंट चालतं. ठिपका सनसेट यलोच्या शेजारी सारख्याच उंचीवर आला आणि छटा पण तीच असेल तर ओळख पटली. कधी एका केशरी रंगाचे दोन ठिपके पडतात, एक पिवळा आणि एक लाल, म्हणजे कोणीतरी टार्ट्राझिन आणि पाँसो मिसळून केशरी केलंय. आणि ठिपका आठपैकी कुठेच जुळला नाही तर नॉन-परमिटेडचा संशय, मग पिवळ्यावर एक थेंब तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, लगेच गडद गुलाबी-जांभळं झालं तर मेटॅनिल यलोकडे बोट. हळदीच्या पावडरवर हीच टेस्ट करताना सांभाळ, कर्क्युमिन पण आम्लात लालसर होतं, पण पाणी टाकल्यावर हळदीचा रंग जातो, मेटॅनिलचा टिकतो.

आपल्या बाटलीत समज एकटं सनसेट यलो निघालं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजून 100 पीपीएम आलं, तर ते कायद्याच्या आत आहे, फक्त लेबलवर परमिटेड सिंथेटिक रंग असल्याचं लिहिलेलं असायला पाहिजे. 160 पीपीएम आलं तर रंग परमिटेड असूनही सँपल नापास.

आता सुरक्षिततेचा परिच्छेद, कारण तो वाक्याने नाही तर आकड्याने लिहायचा असतो. रोज आयुष्यभर खाल्लं तरी चालेल अशी मर्यादा म्हणजे एडीआय, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. जेईसीएफए या तज्ज्ञ समितीने सनसेट यलोला 4 दिलीय. 15 किलोचं पोरगं धर, त्याची दिवसाची मर्यादा 60 मिलिग्रॅम. 100 पीपीएमच्या सरबताचा 200 मिलिचा एक ग्लास म्हणजे 20 मिलिग्रॅम रंग. तीन ग्लासात मर्यादा भरली, आणि त्या दिवशी आइस-कँडी, जेली, केकचा क्रीम हे वेगळंच. कायद्याच्या आतलं सरबत पिऊन पण लहान मूल मर्यादेजवळ जाऊ शकतं, हे गणित उत्तरात करून दाखव. आणि त्याच्याच शेजारी लिही की रंग म्हणून वापरलेल्या कर्क्युमिनची एडीआय 3 आहे आणि टार्ट्राझिनची 10. नॅचरलची मर्यादा सिंथेटिकपेक्षा कमी! एरिथ्रोसिनची मात्र 0.1 च आहे, आणि अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये त्याची खाद्यपदार्थातली परवानगी काढून घेतली. म्हणजे प्रत्येक रंगाचा हिशोब वेगळा करावा लागतो, गटावरून ठरत नाही. फक्त एडीआय ओलांडली की लगेच विषबाधा होते असं लिहू नको, त्या आकड्यात सुरक्षेसाठी मोठी जागा ठेवलेली असते.

मांडणीचं म्हणशील तर दहा मार्कांना तीन पानं पुरतात. पहिला परिच्छेद ते दोन प्रश्न, मग आठ रंग आणि 100 पीपीएम, मग संत्रं-कोकम धरून दोन पिगमेंट, त्यात फ्लेव्हिलियमपासून चाल्कोनपर्यंतचा पीएचप्रमाणे बदल एका आडव्या रेषेवर काढून दाखव, आकृतीला वेळ दोन मिनिटं लागतो आणि तपासणाऱ्याची नजर तिथेच जाते. मग लोकरीची टेस्ट, शेवटी एडीआयचं गणित. टेबल करायचंच असेल तर चारच रकाने कर, विद्राव्यता, पीएच, उष्णता-उजेड, आणि किती रंग लागतो. शेवटच्या रकान्यात सिंथेटिक अगदी थोडं टाकून गडद रंग देतात, बॅच टू बॅच सारखा रंग देतात आणि स्वस्त पडतात हे लिही, कारण कारखानदार तेच वापरतो त्याचं कारण हेच आहे. नॅचरलमध्ये रंग पिकावर, हंगामावर, साठवणुकीवर बदलतो, तर पीएचला जुळणारा पिगमेंट आधी निवडावा लागतो, आंबट सरबताला अँथोसायनिन, तूप-लोणी-मिठाईला कॅरोटिनॉइड. लोण्याला अन्नाटो का आणि कोकमाचा अर्क का नाही, असा तोंडी प्रश्न प्रॅक्टिकलला येतो, त्याचं उत्तर आता तुझ्याकडे आहे.